शुक्रवार, शनिवार, रविवार : तीनच मेसेज

ओळख एका मित्राच्या घरी झाली. ती सांगलीतल्याच एका शाळेत शिक्षिका. नंबर मिळाला, थोडं बोलणंही सुरू झालं, पण रोजच्या 'जेवलीस का'ने ते पुढे सरकेना. मग ठरवलं, शनिवार-रविवार धरून तीनच मेसेज, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

शुक्रवारचा मेसेज नुसता चिडवायचा. चिडवायचं ते तिच्या मतावरून. दिसण्यावरून किंवा घरच्यांवरून कधीच नाही. मित्राकडे आमचा वाद झाला होता, भडंगात कच्चा कांदा हवा की नको. रात्री जेवणं उरकल्यावर लिहिलं, "भडंगात कांदा घालणाऱ्या माणसांशी मी सहसा बोलत नाही. तुझ्यासाठी नियम मोडतोय." मुद्दाम प्रश्न विचारला नाही, म्हणजे उत्तराची सक्ती नको. थोड्या वेळाने आलं, "नियम मोडलास तर आता कांदाही चिरायला शीक." तिने थट्टा पुढे नेली, हीच खूण मी बघत होतो. नुसता हसरा चेहरा आला असता तर मी तिथेच थांबलो असतो.

शनिवारी तिच्या शाळेतल्या मुलींचा कबड्डीचा सामना होता, हे तिनेच बोलता बोलता सांगितलं होतं. म्हणून 'कशी आहेस' न विचारता दुपारी लिहिलं, "मुलींचं काय झालं? सावकाश सांग." सामना चालू असताना मेसेज टाकायचा नाही, माणूस आधीच धावपळीत असतो. उत्तर संध्याकाळी आलं आणि लांबलचक आलं: सामना दोन गुणांनी गेला, एकीचा गुडघा सोलला, ती बसमध्ये रडत होती. मला तेव्हाच भेटीचं विचारायचा मोह झाला होता. पण ती त्या मुलीबद्दल बोलत होती, म्हणून मीही तिच्याबद्दलच बोललो. दिवस तिचा होता.

आणि हेच उत्तर एका शब्दात आलं असतं, तर रविवारचा मेसेज मी पाठवला नसता. मधला दुवा लागला नाही की भेटीचं विचारणं अंगावर आल्यासारखं वाटतं.

रविवारी सकाळी, घरची कामं ठरायच्या आत लिहिलं, "संध्याकाळी 5 वाजता हरिपूरला संगमावर येतेस? तासभर बसू. दमली असशील तर पुढच्या रविवारी." जागा, वेळ, किती वेळ आणि नाही म्हणायची वाट, सगळं एकाच मेसेजमध्ये. 'कधीतरी भेटू' म्हटलं की ठरवायचं ओझं समोरच्यावर जातं. कृष्णा-वारणेचा संगम निवडला कारण जागा मोकळी, संगमेश्वराच्या देवळामुळे माणसांची ये-जा असते, आणि कुणालाही मध्येच उठून निघता येतं. घ्यायला येतो म्हणालो नाही. नव्या ओळखीत तिच्या गल्लीत गाडी उभी करणं म्हणजे शेजाऱ्यांना विषय देणं.

दुपारी तिचं उत्तर आलं, "साडेपाच कर. गणपती मंदिराकडे मात्र थांबू नकोस, तिथे पालक भेटतात. मी माझ्या गाडीने येते." मी "चालेल" लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत दुसरं काही पाठवलं नाही.