वीस वर्षांनी उघडायचं पत्र

आज फोंड्यात दहावीच्या मुलांनी वर्गमित्रांसाठीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारी बाजूंनी सेलोटेप मारली. "आता पाणी जायचंच नाही," एक मुलगी म्हणाली.

पण ओल कागदातच असते. गोव्याच्या हवेत कागद कायम दमट. पिशवी बंद केली की ही ओल आतच कोंडते आणि कागदाला बुरशी धरते. सेलोटेपचा डिंकही पिवळा पडून कागदात उतरतो.

त्यापेक्षा पेन्सिलीने लिहा. ते ओलीने पसरत नाही, विटतही नाही. मग कागदी पाकीट, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि आत ओल शोषणाऱ्या, निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. डबा जमिनीत मात्र पुरू नका.

आणि तो कोणाच्या घरी आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?