आईची आंघोळ आणि उशाची दोन पुस्तकं

बुधवार, रात्री पावणेअकरा

आज आईने स्वतःच्या हाताने तांब्या घेतला. नऊ दिवसांनी आंघोळ झाली. मागच्या सोमवारी याच बाथरूममध्ये मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांचे वळ तिथे दिसत होते. ते लिहायचं राहिलं होतं, किंवा मी टाळत होते. आज लिहिते.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं तेव्हापासून मी पुस्तकं जमवते आहे. बरीचशी पंधरा-वीस पानांत मिटली. कुणी गोड आठवणींच्या ओघात काळजी घेण्याचं कामच विसरलं आहे, तर कुणी नुसत्या सूचना दिल्या आहेत आणि सूचना पाळणारं माणूस थकतं, चिडतं याचा पत्ताच नाही. उशाशी उरली ती दोनच.

पहिलं, नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांचं ‘द थर्टी-सिक्स अवर डे’. १९८१ साली पहिल्यांदा आलं, तेव्हापासून सुधारत सुधारत निघतंय. नावातच सगळं आलं, सांभाळणाऱ्याचा दिवस छत्तीस तासांचा. जाडजूड आहे, पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर माणूस दडपून जाईल. मी ते घरगुती औषधांच्या पुस्तकासारखं वापरते. जो प्रश्न आज दारात उभा आहे तेवढीच पानं काढायची. त्या सोमवारी रात्री मी आंघोळीची पानं काढली.

त्यात पहिलीच गोष्ट अशी होती की आंघोळ हवी की नको यावर वाद घालूच नका. मी नेमका तोच घालत होते. “आई, आंघोळीला चल.” “झाली माझी.” “नाही झाली गं, चार दिवस झाले.” तिला खरोखरच वाटत असतं की आंघोळ झाली आहे. तिच्या बाजूने पाहिलं तर मुलगी तोंडावर खोटं बोलते आहे आणि वर अंगावरचे कपडे काढते आहे. पुस्तक म्हणतं, एका वेळी एकच पायरी सांगा. आणि ओरडणं, हात उगारणं, रडणं हे सगळं ती मुद्दाम करत नाही. एकदम खूप गोष्टी अंगावर आल्या की मेंदूला त्या पेलत नाहीत आणि माणूस उसळतं. त्याला त्यांनी ‘कॅटास्ट्रॉफिक रिअॅक्शन’ म्हटलंय. तेव्हा समजावायचं नाही, तिथेच थांबायचं आणि थोड्या वेळाने नव्याने सुरुवात करायची. भांडण ती विसरते. लक्षात राहतं ते माझ्या.

आता पुस्तक अमेरिकेचं, त्यात टबाचा विचार केलेला. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये शॉवर आहे, आणि आईचं सगळं आयुष्य रविवार कारंजाजवळच्या वाड्यात बंब, बादली आणि पाट यांवर गेलेलं. मग मी सोमवारचा प्रसंग पायरीपायरीने आठवून पाहिला. डोक्यावरून अचानक पाणी आलं. फरशी थंडगार होती, नाशिकची थंडी तर आहेच. ती पूर्ण उघडी होती. आणि मी मागे उभी राहून बोलत होते, म्हणजे आवाज येतोय पण माणूस दिसत नाही. भ्यायला एवढं पुरे होतं.

गेला आठवडाभर अंग नुसतं ओल्या पंच्याने पुसून काढलं. तेही चालतं, रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे असं नाही, हेही पुस्तकानेच सांगितलं. तोवर भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला आणि न घसरणारं स्टूल आणलं. आज सकाळी अकराला, ऊन खिडकीत आल्यावर, आधी बादली भरून ठेवली. पाणी कोपराने पाहिलं. आंघोळीचा शब्दही न काढता म्हटलं, “आई, हाताला तेल लावते.” तेल लावत लावत बाथरूमपर्यंत आलो. स्टुलावर बसवलं, खांद्यावर मोठा टॉवेल तसाच ठेवला. मी समोर, खाली बसले. आधी फक्त पायांवर पाणी. मग तांब्या तिच्या हातात दिला आणि गप्प राहिले.

तिने तांब्या भरला, क्षणभर तसाच धरला आणि म्हणाली, “गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति...” अख्खा श्लोक, एकही शब्द न अडखळता. माझं नाव तिला चार दिवसांत आठवलेलं नाही. मग पाणी खांद्यावर ओतलं, टॉवेलवरूनच. केस आज सोडून दिले, दोन्ही कामं एका दिवशी नकोत.

याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट दादाला फोनवर पुन्हा सांगितली. हा आजार हळूहळू वाढत जातो. दोन दिवसांत एकदम बिघडलं, गुंगी आली, नसलेली माणसं दिसू लागली, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. जूनमध्ये आईचं तसंच झालं. निघालं लघवीचं इन्फेक्शन. ताप नव्हता, जळजळ होते हे तिला सांगता येत नव्हतं. औषधाने आठवड्याभरात ती बरीचशी पूर्वीसारखी झाली. ती पानं आधी वाचली नसती तर मी वाटच पाहत बसले असते.

पण त्या सोमवारी पायऱ्या वाचून झाल्यावरही झोप आली नाही. मनगटावरच्या वळांचं काय करायचं, हे त्या पानांत नव्हतं. तेव्हा दुसरं पुस्तक उघडलं, अॅनी अर्नो या फ्रेंच लेखिकेचं ‘आय रिमेन इन डार्कनेस’. अगदी बारीक. अर्नोच्या आईला अल्झायमर झाला त्या काळात, १९८३ पासून १९८६ मध्ये आई जाईपर्यंत, तिने तारखा घालून तुटक नोंदी केल्या. त्या १९९७ मध्ये, न सावरता तशाच छापल्या. पुस्तकाचं नाव म्हणजे तिच्या आईने लिहिलेलं शेवटचं वाक्य, मैत्रिणीच्या पत्रातलं. यात सल्ला एकही नाही. आईचा वास, तिच्या अंगाची वाटलेली किळस, स्वतःचा राग, आणि त्याच पानावर आईची नखं कापणं, तिला भरवणं. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

ते वाचलं म्हणून मी आज मनगटाचं लिहू शकले. आणि लिहिल्यावर दिसलं की त्या सोमवारी आणि त्याआधी एकदा, अशा दोन्ही वेळा माझा हात सुटला तेव्हा आदल्या रात्री मी तीन तासही झोपले नव्हते. म्हणजे मला कामाला लागणारी गोष्ट हाती आली. दादाला शनिवार-रविवार पुण्याहून यायला सांगितलंय, रात्री तो आईच्या खोलीत झोपेल. रात्र वाईट गेली असेल त्या दिवशी आंघोळ नाही, फक्त पंचा.

मात्र अर्नोचं पुस्तक मी कुणालाही पहिलं म्हणून देणार नाही. निदान नुकतंच झालंय अशा माणसाला तर नाहीच, पुढचं सगळं त्यात फार जवळून दिसतं. आधी मेस-रेबिन्सची आंघोळीची, जेवणाची, रात्रीच्या फिरण्याची पानं. दुसरं, जेव्हा स्वतःची भीती वाटायला लागेल तेव्हा.

संध्याकाळी आई नेहमीसारखी चपला घालून दारात उभी होती. “गंगेवर जाऊन येते.” “गोदावरीवर कोण होतं गं बरोबर?” विचारलं, तर तिथेच बसून मावशीचं, रामकुंडावरच्या भिजलेल्या परकराचं सांगत राहिली. मग चपला काढल्या.

दादासाठी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बाथरूमच्या दाराला चिकटवलंय: आधी बादली, मग तेल, पाय, तांब्या तिच्या हातात, तू समोर बस, बोलू नकोस.

परवा केस धुवायचे. उद्या रात्री शिकेकाई भिजत घालायची.