मुलाखतीतला माझा वाटा: वडोदऱ्यातल्या संशोधनाची चिंतन-डायरी

वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबांनी मुलांसाठी शाळेचं माध्यम कसं निवडलं, या विषयावर मी मुलाखती घेते. माझं स्वतःचं घर गायकवाडी काळात राज्याच्या नोकरीसाठी इथे आलेलं आहे. ‘घरात मराठी टिकली पाहिजे’ हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. ही पार्श्वभूमी प्रत्येक मुलाखतीत माझ्याबरोबर येते, म्हणून क्षेत्र-नोंदींपासून वेगळी अशी एक डायरी ठेवते. क्षेत्र-नोंदींत समोर काय घडलं ते येतं. डायरीत मी काय अपेक्षा धरून गेले, मला कसं ओळखलं गेलं आणि त्याचा अर्थ लावण्यावर काय परिणाम झाला, एवढंच येतं.

पहिली नोंद निघण्यापूर्वीची. ही व्यक्ती काय सांगेल असं मला वाटतं, ते दोन-तीन वाक्यांत लिहून तारीख टाकायची. ही नोंद नंतर लिहून चालत नाही, कारण मुलाखत ऐकल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ असं मन सहज ठरवून टाकतं.

दुसरी नोंद त्याच दिवशी, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकण्याआधी. रेकॉर्डर सुरू होण्यापूर्वी मला काय विचारलं गेलं, ते क्रमाने लिहायचं. मराठी घरात बहुधा आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग ‘राहता कुठे?’ चहा येईपर्यंत माझी जात आणि घरची ऐपत यांचा अंदाज बांधून झालेला असतो. पुढची उत्तरं त्या अंदाजाला धरून येतात, आणि संमतीपत्रावर सही झाल्यानंतरच्या ध्वनिमुद्रणात यातलं काहीच नसतं.

तिसरी नोंद कोडिंगच्या वेळची, म्हणजे मुलाखतीतल्या उताऱ्यांना त्यांच्या अर्थाची छोटी नावं, म्हणजेच कोड, देतानाची. प्रतिलेखात, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवलेल्या मजकुरात, मी माझे ‘हो ना’, ‘बरोबर’, हसणं, मध्येच तोडणं हे सगळं ठेवते. तासाभराच्या मुलाखतीच्या प्रतिलेखनाला चार ते सहा तास सहज लागतात, त्यामुळे हे हुंकार गाळण्याचा मोह होतो. पण बोलणाऱ्याने कुठे थांबायचं हे बरेचदा या हुंकारांनीच ठरलेलं असतं.

एक उदाहरण घेते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. एका काकूंनी मुलीला गुजराती माध्यमात घातलं होतं. कारण सांगताना त्या म्हणाल्या, “आता आपल्याकडे कसं असतं, तुम्हाला तर माहीतच आहे.” मी ‘हो’ म्हटलं आणि विषय तिथेच संपला. या उताऱ्याला पहिला तात्पुरता कोड पडला ‘मराठी सुटल्याची हळहळ’. निघण्यापूर्वीच्या नोंदीतही जवळजवळ तेच शब्द होते. अपेक्षा आणि कोड इतके जुळले, की मी तो उतारा पुन्हा उघडते आणि कोडला आधार देणारी प्रत्येक ओळ कोणाची आहे ते पाहते. इथे हळहळ फक्त माझ्या प्रश्नात होती: “वाईट नाही वाटलं?” काकूंच्या ओळींत शाळेचं अंतर होतं आणि शिकवणीला मदत करणारी शेजारीण होती.

मग पुन्हा भेटून विचारावं लागतं, पण ‘माहीतच आहे’ला वाव न देता. मी विचारलं, “काकू, मी या गावात नवीन आहे असं समजा, मला कसं सांगाल?” तेव्हा कळलं की त्यांचं कुटुंब कारखान्यातल्या कामासाठी खानदेशातून आलेलं. मराठी शाळेत आडनावावरून मुलीला वेगळं बसवतील, अशी त्यांना धास्ती होती. “धंधो तो गुजरातीमां ज थाय ने,” असंही त्या म्हणाल्या. कोड बदलून ‘जातीची धास्ती’ आणि ‘कामाची भाषा’ असे दोन झाले. जुना कोड खोडला नाही. त्याच्याशेजारी तारीख आणि बदलाचं कारण लिहिलं. पहिल्या भेटीत ही धास्ती त्यांनी माझ्यासमोर का उघड केली नाही, याचा अंदाज आडनावाच्या नोंदीवरून करता येतो. पण तो अंदाजच. काकूंच्या मनात काय होतं याचा पुरावा डायरी देत नाही, म्हणून असं वाक्य निष्कर्षात घालू नये.

स्वतःच्या पार्श्वभूमीतलं जे खटकत नाही, ते एकट्याने वाचून सापडत नाही, ही या पद्धतीची खरी मर्यादा. म्हणून काही पानं, नावं काढून, मराठी नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला देते आणि ‘हे तुला कुठून कळलं?’ एवढंच समासात लिहायला सांगते. ज्या ओळीवर मला दाखवायला प्रतिलेखात जागा नसते, ती ओळ बहुधा माझ्या घरातून आलेली असते.

डायरी भावनांनी फुगली की निरुपयोगी होते. ‘फार अस्वस्थ वाटलं’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या उत्तरावर वाटलं आणि त्यानंतरचा कोणता प्रश्न मी गाळला, ते लिहावं. अहवालात मी फक्त अर्थ बदलायला कारण ठरलेल्या नोंदी घेते. बाकीची वही प्रतिलेखांपासून वेगळी, कुलपात राहते, आणि तिच्यातही नावांऐवजी सांकेतिक क्रमांकच असतात.