शनिवार-रविवारचं मास्टर्स, सोमवारची नोकरी

"ताई, माझं स्टेम ओपीटी संपत आलंय आणि लॉटरी लागली नाही. वीकेंडचं हायब्रिड मास्टर्स घेतलं की पहिल्या दिवसापासून सीपीटीवर नोकरी करता येते म्हणे. तुम्ही तेच केलंत ना? चालतं का?"

हो, तेच केलं, आणि डिग्रीही घेतली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकल्यानंतर काही काळ काम करण्याची परवानगी म्हणजे ओपीटी, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर तिला मिळणारी मुदतवाढ म्हणजे स्टेम ओपीटी, शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी म्हणजे सीपीटी, आणि लॉटरी म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीची सोडत. पण "चालतं का" याचं उत्तर कुणाला चालायला हवंय यावर ठरतं. कॉलेजला चालतं, कंपनीच्या एचआरला चालतं. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला चाललं की नाही, हे कधीकधी दोन-तीन वर्षांनी कळतं. मी फोनवर अर्धं सांगते, समोरच्याला घाई असते, आणि पुढे कुणीतरी कुणाला सांगतं की "त्या ताई चालतं म्हणाल्या". मी असं म्हटलेलं नाही, म्हणून एकदा सगळं लिहिते.

एच-१बीवर असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि लवकर संपतो. नोकरी चालू ठेवून तुम्ही अर्धवेळ, पूर्णवेळ, ऑनलाइन काहीही शिकू शकता, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पण त्या शिक्षणाने इथे राहण्याचा कुठलाही हक्क वाढत नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, तुम्ही एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या शेवटच्या सत्रात असलात तरी. त्यांच्या कुटुंबीयांना, म्हणजे एच-४ वाल्यांनाही शिकता येतं, त्या शिक्षणावर काम मात्र करता येत नाही.

खरा गुंता तुमच्या-माझ्यासारख्यांचा, एफ-१ वर राहून हे करणाऱ्यांचा. आपण बोलताना याला "पार्ट टाइम मास्टर्स" म्हणतो. एफ-१ ला पार्ट टाइम जवळजवळ नाहीच (कॅनडा-मेक्सिकोतून रोज सीमा ओलांडून येणाऱ्यांसाठी एफ-३ आहे, तो आपला नव्हे). म्हणजे नोकरी करणाऱ्यांसाठी आखलेला हा कोर्स कागदावर पूर्णवेळच असावा लागतो. पदव्युत्तर पातळीवर किती क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ, ते कॉलेज ठरवतं, त्यामुळे सत्राला दोन विषय घेऊनही तो पूर्णवेळ ठरू शकतो. इथवर कुणाची तक्रार नसते.

अडतं ते पुढच्या नियमावर. पूर्णवेळ भार मोजताना एका सत्रात जास्तीत जास्त एक वर्ग किंवा तीन क्रेडिट ऑनलाइन धरता येतात. मग सत्रातून एखादा वीकेंड कॅम्पसवर आणि बाकी सगळं घरून, असा विषय ऑनलाइन की प्रत्यक्ष? ऑनलाइन वर्गाची व्याख्या करताना नियमात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत: जो मुख्यतः संगणकासारख्या माध्यमातून शिकवला जातो तो, आणि ज्यात वर्ग, परीक्षा किंवा कोर्स पुरा करायला आवश्यक अशा कशासाठीही प्रत्यक्ष हजर राहावं लागत नाही तो. कॉलेज दुसरी बाजू धरतं: वीकेंडला हजेरी सक्तीची आहे, म्हणून हा ऑनलाइन नाही. अधिकारी पहिली धरू शकतो: शिकवणं मुख्यतः लॅपटॉपवर झालं, म्हणून ऑनलाइन. सगळा हायब्रिड कोर्स या दोन वाचनांच्या मध्ये उभा आहे, आणि प्रवेश घेताना तुम्हाला त्यातलं एकच ऐकवलं जातं.

आता सीपीटी. साधारणपणे आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकल्यावरच ते मिळतं. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कामाचा अनुभव पहिल्यापासून आवश्यक असतो, तिथे अपवाद आहे. "पहिल्या दिवसापासून" हे त्या अपवादावर उभं आहे, आणि तो अपवाद नियमात खरंच आहे. म्हणून "हे सरळ बेकायदा" म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालते. पण ही परवानगी देतो कॉलेजमधला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद पाहणारा कर्मचारी. तो सेविस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीत नोंद करतो, आय-२० या कॉलेजच्या दाखल्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचं नाव आणि तारखा छापून येतात, बस्स. यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज जात नाही, कामाच्या परवान्याचं कार्ड येत नाही. म्हणजे तुमचं काम खरोखर अभ्यासक्रमाचा भाग होतं का, हे त्या वेळी सरकारमधल्या कुणी तपासलेलंच नसतं. ते तपासलं जातं तुम्ही पुढे काही मागता तेव्हा.

मी मागितलं तेव्हा माझं दुसरं मास्टर्स संपत आलं होतं. पहिल्या मास्टर्सवरचं ओपीटी वापरून झालं होतं, त्यामुळे बारा महिने पूर्णवेळ सीपीटी केलं तर त्या पातळीचं ओपीटी जातं, याने माझं काही बिघडणार नव्हतं. (ज्यांचं ओपीटी शिल्लक आहे, त्यांचं बिघडतं.) मी न्यू जर्सीत राहायचे, कॅम्पस विमानाने जाण्याच्या अंतरावर दुसऱ्या राज्यात होता. अखेर लॉटरी लागली, कंपनीने एच-१बी ची पिटिशन भरली, आणि त्यातच देशाबाहेर न जाता एफ-१ वरून स्टेटस बदलण्याची विनंती होती. मग आरएफई आला, म्हणजे आणखी पुरावे मागणारं यूएससीआयएसचं पत्र.

पानं बरीच होती, पण मागणी एकच: तुम्ही एफ-१ चं स्टेटस पाळलंत हे दाखवा. प्रत्येक सत्राचे विषय, त्यांचा अभ्यासक्रम, हजेरी, फी भरल्याचे पुरावे. घर आणि कॅम्पस यांत एवढं अंतर असताना तुम्ही वर्गात कशा पोहोचत होतात, त्याचे पुरावे. सीपीटीच्या आधी आणि नंतर त्याच कंपनीत त्याच पदावर असाल, तर त्यातलं प्रशिक्षण कुठलं, याचा खुलासा. मी रोज रात्री बसून जुने ईमेल उपसले. बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं, कॅम्पसजवळच्या दुकानातली क्रेडिट कार्डची नोंद. ज्या वीकेंडला मैत्रिणीच्या गाडीतून गेले, त्याचा माझ्या नावावर कागदच नव्हता. तिच्याकडून सही केलेलं पत्र घेतलं.

आणि मग तो हिवाळ्यातला वीकेंड समोर आला. हिमवादळाने विमानं रद्द झाली होती, आणि कॉलेजने ती दोन दिवसांची सक्तीची हजेरी झूमवर घेतली होती. त्या सत्रात माझे दोन विषय, आणि दोन्हींची प्रत्यक्ष हजेरी त्याच वीकेंडला. म्हणजे त्या सत्रात मी कॅम्पसवर एकदाही गेले नव्हते. तेव्हाच मी डीएसओला ईमेल करून विचारलं होतं की याने स्टेटसला काही होईल का. उत्तर एका ओळीचं होतं: काळजी करू नका, हजेरी लागली आहे. ते उत्तर मी छापून वकिलाला दिलं. वकील म्हणाली, "याने तू प्रामाणिक होतीस हे दिसतं. तुझे विषय प्रत्यक्ष होते, हे दिसत नाही." ते वाक्य ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ काहीच करू शकले नाही. विचारलं होतं, लेखी उत्तर घेतलं होतं, फी भरली होती, निबंध लिहिले होते, परीक्षा दिल्या होत्या. एवढं करून सगळं एका वादळावर येऊन थांबलं होतं.

निकाल अर्धा-अर्धा लागला. एच-१बी ची पिटिशन मंजूर, स्टेटस बदल नामंजूर. कारणांत ते सत्र होतं, आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असल्याचं पुरेसं सिद्ध झालं नाही, हेही होतं. वकिलाने सांगितलं, आजपासून काम बंद आणि शक्य तितक्या लवकर देश सोड. एफ-१ वर आत येताना ठराविक तारीख दिलेली नव्हती, त्यामुळे बेकायदा वास्तव्याचे दिवस नामंजुरीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जाणार होते. ते १८० च्या वर गेले की तीन वर्षं बंदी. खोली उपभाड्याने दिली, गाडी ओळखीच्यांच्या दारात लावली आणि नाशिकला आले. आईला "सुट्टीवर" म्हणून सांगितलं, ते तिला पटलं नाही.

आता एच-१बी चा व्हिसा इथूनच घ्यावा लागणार होता. मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. अधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला: तुम्ही राहत कुठे होतात आणि कॉलेज कुठे होतं? फाइल तयार होती, मी हिमवादळासकट सगळं सांगितलं. हातात व्हिसाचा निर्णय लांबणीवर टाकणारी २२१(जी) ची चिठ्ठी पडली, आणखी कागद मागितले. ते दिल्यावर थांबणं आलं. कंपनी माझी जागा धरून ठेवेल की नाही, हे मॅनेजरलाही सांगता येत नव्हतं. शेवटी व्हिसा आला, मी परतले, आज त्याच कंपनीत आहे. लोक एवढंच ऐकतात, आणि म्हणतात, "म्हणजे चालतं."

प्रवेश घेतला त्या वेळची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, दुसरा रस्ता कोणता होता? पुण्याला परत जाणं हा रस्ता होता, असं मी म्हणते. ती म्हणते, पहिल्या मास्टर्सचं कर्ज डॉलरमध्ये फिटत होतं, रुपयात फिटलं नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि दुसऱ्या मास्टर्समध्ये मी डेटाबेसचं जे शिकले ते आज रोज वापरते. म्हणून कुणी त्या कोर्सला नुसतं "व्हिसासाठीचं नाटक" म्हटलं की मला राग येतो. मी तिथे व्हिसासाठी गेले, हेही तितकंच खरं.

माझ्यानंतर एक गोष्ट बदलली आहे, आणि ती विचारणाऱ्यांना बहुधा माहीत नसते. २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या एच-१बी पिटिशनवर एक लाख डॉलरची रक्कम लागू केली गेली. यूएससीआयएसच्या खुलाशानुसार अमेरिकेतच राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागत नाही. पण त्याच खुलाशात असंही आहे की माणूस स्टेटस बदलायला पात्र नाही असं ठरलं, तर ती रक्कम लागते. म्हणजे मला मिळालेला अर्धा निकाल या नियमाखाली मिळाला, तर मुंबईची वारी होण्याआधीच कंपनीसमोर एक लाख डॉलरचा प्रश्न उभा राहतो. तो कोणती कंपनी सोडवेल?

तरीही घेणार असाल, तर प्रवेशाआधी त्या सत्राचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागा, माहितीपत्रक नव्हे. किती विषय, प्रत्येकाला कॅम्पसवर किती दिवस, आणि तो दिवस रद्द झाला तर बदली दिवस कुठे, हे लेखी घ्या. ओपीटी संपल्यापासून आय-२० वरची सीपीटीची तारीख सुरू होईपर्यंत काम पूर्ण थांबवा, मॅनेजर कितीही विनवू दे. त्या तारखांबाहेरचा एक दिवसही विनापरवाना काम ठरतो. दर वीकेंडचे कागद त्याच रविवारी रात्री एका फोल्डरमध्ये टाका. आणि ते वेळापत्रक मला पाठवायचं असेल तर पाठवा. आरएफईमध्ये त्यातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवलं जाईल, तेवढं मी सांगू शकते.