किलोभरानंतरचा ‘द’

फ्रेंच शिकण्याच्या पहिल्या वर्षी स्वाध्यायाच्या पुस्तकातली माणसे सतत बाजारात असतात. कोणी पाव आणतो, कोणी चीज, कोणी पाण्याची बाटली; आणि प्रत्येक पदार्थाच्या आधी पुस्तकाने एक रिकामी जागा सोडलेली असते, जिच्यात जेमतेम एखाद्या अक्षराचा शब्द भरायचा असतो. माझ्या वहीत लाल शाई सर्वांत जास्त सांडली ती याच जागांवर.

मराठीत ‘दूध आण’ म्हटले की पुरते. फ्रेंचला नुसते ‘दूध’ उघडेवाघडे वाटते. ज्याचे नग मोजता येत नाहीत अशा पदार्थाचा काही एक अनिश्चित भाग अभिप्रेत असेल, तर पुल्लिंगी नामाआधी ‘द्यू’ आणि स्त्रीलिंगी नामाआधी ‘द ला’ यावे लागते; नामाची सुरुवात स्वराने होत असेल तर लिंग कोणतेही असो, ‘द’नंतर नुसता ‘ल’ उरतो आणि तो त्या स्वराला चिकटतो. म्हणून पाव हा ‘द्यू पँ’, पीठ हे ‘द ला फारीन’ आणि पाणी ‘द लो’. नामांची लिंगे पाठ केली की इथवरची वाट सरळ आहे. वाट अडते ती वजनकाटा मध्ये आल्यावर.

क्रेपच्या कृतीवरचा एक स्वाध्याय मला अजून आठवतो. साहित्य साधेच होते : २५० ग्रॅम पीठ, अर्धा लिटर दूध, तीन अंडी, चिमूटभर मीठ आणि थोडे लोणी. पीठ स्त्रीलिंगी आहे हे मला अभिमानाने ठाऊक असल्यामुळे मी ‘ग्राम’च्या पुढे ‘द ला फारीन’ लिहिले, दुधाला ‘द्यू ले’ केले आणि अंड्यांच्या आधीही एक ‘द’ ठेवून दिला. बाईंनी ‘ला’ खोडला, ‘द्यू’चा ‘द’ केला आणि अंड्यांपुढचा ‘द’ पुसूनच टाकला. बरोबर उत्तरे अशी होती : ‘ग्राम द फारीन’, ‘अँ दमी-लित्र द ले’, ‘यून पँसे द सेल’, ‘अँ प द बर’, आणि अंडी मात्र नुसती तीन. संख्या नामाला थेट भिडते, तिला मध्यस्थ लागत नाही. पण तीच अंडी डझनाने घेतली की ‘द’ पुन्हा हजर होतो, कारण बारा ही संख्या असली तरी डझन हे लिटर किंवा बाटली यांच्यासारखे नाम आहे.

पुस्तकातला नियम चौकटीत छापलेला होता : परिमाणवाचक शब्दानंतर फक्त ‘द’, आणि पुढे स्वर आला तर त्याचाही अर्धा होऊन तो स्वरात मिसळतो. त्यामुळे नुसते पाणी ‘द लो’ असते, पण पाण्याची बाटली ‘यून बुतेय दो’ होते. नियम बरोबर होता, पण तो ‘का’ सांगत नव्हता, आणि कारण न कळलेला नियम माझ्या डोक्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही.

कारण पुढे सापडले, आणि ते कानाशी संबंधित आहे. ‘किलो’ला स्वतःचा एक ‘द’ हवा असतो, आपल्या षष्ठीसारखा. त्याच्यापुढे ‘द ला फारीन’ ठेवले तर ‘किलो द द ला फारीन’ असे बोबडे काहीतरी तयार होते, म्हणून भाषेने दोन ‘द’ एकत्र येऊ न देता दुसरा त्याच्या ‘ला’सकट गिळून टाकला. फ्रान्समधल्या पोर-रोयाल मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १६६० सालच्या व्याकरणात आर्नो आणि लाँस्लो यांनी अशा जोड्या टाळण्याचे कारण कर्णकटुता हेच दिले आहे. याचा पडताळा मला ‘गरज असणे’ या अर्थाच्या ‘आव्वार बझ्वँ द’ या प्रयोगात मिळाला. ‘मला पीठ हवे आहे’ या वाक्यात ना किलो आहे ना चिमूट, तरीही तिथे ‘द ला फारीन’ न येता ‘द फारीन’च येते, कारण ‘बझ्वँ’ही स्वतःचा ‘द’ घेऊनच आलेला असतो. म्हणजे चौकटीतला परिमाणाचा नियम हा या मोठ्या व्यवहाराचा एक कोपरा होता.

हे एकदा समजले की अपवादांच्या यादीतली निम्मी नावे अपवाद राहत नाहीत. ‘बहुतेक’ या अर्थाच्या ‘ला प्ल्यूपार’नंतर ‘दे’ येतो, याची तक्रार प्रत्येक वर्गात होते. मात्र तो ‘दे’ अनिश्चित भाग सांगणारा नसून ‘द’ आणि ‘ती ठरावीक’ असे सुचवणारे निश्चित अनेकवचनी उपपद ‘ले’ यांचा संधी आहे. इथे गिळायला दुसरा ‘द’ मुळातच नाही. हाच प्रकार केकच्या तुकड्याचा. कोणताही केक असेल तर ‘यून त्राँश द गातो’. पण काल केलेल्या, आपल्या दोघांना ठाऊक असलेल्या केकचा तुकडा असेल तर ‘त्राँश द्यू गातो’. मी यासाठी मराठीची मदत घेतो. वाक्यात ‘त्या’ घालून पाहायचे : ‘केकचा तुकडा’ ऐवजी ‘त्या केकचा तुकडा’ म्हणता येत असेल, तर ‘द्यू’ टिकतो. दिसायला तो आधीच्याच ‘द्यू’सारखा असतो, म्हणून घोटाळा होतो.

नकाराची गोष्ट मला सर्वांत आवडते. ‘दूध नाही’ म्हणताना ‘द्यू’ जाऊन ‘पा द ले’ उरते, जणू ‘पा’ हे शून्य मोजणारे मापच असावे. इतिहास पाहिला तर ते खरोखर माप होते. ‘पा’ म्हणजे मुळात पाऊल. ‘एक पाऊलही चाललो नाही’ या धर्तीच्या बोलण्यातून तो नकारात शिरला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या जोडीला ‘मी’ म्हणजे पावाचा कण आणि ‘गुत’ म्हणजे थेंब हेही नकाराचे काम करत. मात्र ‘हे लोणी नाही, मार्गरीन आहे’ असे म्हणताना ‘स ने पा द्यू बर’ असा पूर्ण ‘द्यू’ राहतो. तिथे लोणी किती आहे हा प्रश्नच नसतो, समोरची वस्तू लोणी आहे की नाही हा असतो.

स्वाध्यायातला शेवटचा प्रश्न जेवणाच्या टेबलावरचा होता. पाहुण्याला आणखी पाव हवा आहे. ‘आँकोर’च्या पुढची जागा भरा. ‘आणखी’ म्हणजे जास्त, जास्त म्हणजे परिमाण, असा हिशेब करून मी ठामपणे ‘द’ लिहिला आणि पुन्हा चुकलो. ‘आँकोर’ हे ‘अजून’ सांगणारे क्रियाविशेषण आहे, त्याला स्वतःचा ‘द’ नाही, म्हणून ‘आँकोर द्यू पँ’. ‘द’ लिहायचाच होता तर ‘प्ल्यूस द पँ’ म्हणायला हवे होते, आणि तेही शेवटचा ‘स’ स्पष्ट उच्चारून. कारण तो ‘स’ गिळला तर ‘प्ल्यू द पँ’चा अर्थ पाव संपला असा होतो.