स्वतःचे दहा लाख बँकेत, मग व्याज कशाला भरता?

"स्वतःचे दहा लाख बँकेत असताना त्याच पैशावर व्याज भरून कर्ज कशाला घेतलं? एफडी मोडायची ना सरळ!"

मोंढ्यात विचारलं, लग्नात विचारलं, परवा तर दाढी करता करता न्हाव्यानंही विचारलं. एकदाच सांगतो.

माझं खत-बियाण्याचं दुकान. जूनला माल भरायला रोख लागते आणि शेतकऱ्याची उधारी सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास येते. जून 2025 मध्ये मला सहा लाख पाच महिन्यांसाठी हवे होते. एफडी एप्रिल 2024 ची, तीन वर्षांची, 7 टक्क्यांची. मोडली असती तर बँकेनं 1 टक्का दंड कापला असता, आणि तोही सहा लाखांवर नाही, पूर्ण दहा लाखांवर, झालेल्या 14 महिन्यांचा. म्हणजे साडेअकरा हजारांच्या वर पाणी सोडायचं.

त्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेतला. मर्यादा नऊ लाखांची, व्याज 8 टक्के, तेही जेवढे उचलले तेवढ्यावरच. सहा लाखांचं पाच महिन्यांचं व्याज वीस हजार. त्याच सहा लाखांवर एफडी तेवढ्या काळात साडेसतरा हजार कमावते. फरक अडीच हजारांचा. आता सांगा, मूर्ख कोण?

हा हिशेब मी कितीतरी जणांना ऐकवला आहे. तो आजही बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट मी तेव्हा बघितली नाही. दोन्ही व्याजं एकमेकांना कापतात ती कागदावर, खिशात नाही. एफडीचं व्याज एफडीतच साचतं आणि मुदत संपल्यावर मिळतं. शिवाय हातात न आलेल्या त्या व्याजावर टीडीएस मात्र वर्षाच्या वर्षाला कापला जातो. ओव्हरड्राफ्टचं व्याज दर महिन्याला खात्यात नावे पडतं, आणि ते भरायला गल्ल्यात पैसे लागतात. नाही भरलं तर तेही मुद्दलात मिसळतं.

सप्टेंबर 2025 चा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा. सोयाबीन पाण्यात गेलं, तशी उधारीही गेली. कुणाच्या दारात मागायला जायचं? त्यांच्याकडे खायलाच नव्हतं. तरी ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या बियाण्यासाठी आणखी दोन लाख उचलले. तेव्हापासून महिन्याला सव्वापाच हजारांचं व्याज थकत गेलं. जानेवारीत बाकी होती आठ लाख वीस हजारांच्या पुढं.

त्याच जानेवारीत अण्णांना छातीत दुखायला लागलं. औशाहून लातूरला नेलं. दवाखान्यानं तीन लाख भरायला सांगितले. ओव्हरड्राफ्टमध्ये उरले होते ऐंशी हजारांच्या आत. म्हटलं, मोडू आता एफडी. कर्ज कापून पावणेतीन लाख तरी हातात येतील. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "दोघांच्या नावावर आहे, मुदतीआधी मोडायला दोघांची सही लागते. अण्णांना घेऊन या."

अण्णा आयसीयूत होते.

एफडी आमच्या दोघांची, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशी. मला वाटायचं, 'कोणीही' म्हणजे मी एकटा. ते मुदत संपल्यावर. मुदतीआधी मोडायची तर दोघंही लागतात. एकट्यानं मोडायची परवानगी आधी लेखी देऊन ठेवावी लागते, आणि ती आम्ही दिली नव्हती. मी काउंटरला धरून उभा होतो, मागे रांगेत कुणीतरी "आटपा ना" म्हणत होतं. पैसे अण्णांच्याच ग्रॅच्युइटीचे. त्यांच्याच दुखण्याला लागत नव्हते.

दाजींनी अडीच लाख दिले. कसे दिले, काय बोलून दिले, ते राहू द्या.

तुम्ही म्हणाल, बघा, कर्ज नसतं तर! नसतं तरी सही लागलीच असती. जूनलाच मोडली असती तर चार लाख मोकळे राहिले असते, हे खरं. पण मी स्वतःला ओळखतो. ते चार लाखही मी ऑक्टोबरला हरभऱ्यात घातले असते. बायको म्हणते, "नसते घातले." मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुलूप लागलं नसतं तर ही एफडी आज असतीच का, हाही प्रश्न आहेच.

अण्णा आता बरे आहेत. एफडी एप्रिल 2027 पर्यंत आहे, कर्जही आहे. परवा बँकेतून ते परवानगीचं पत्र आणलं. अण्णांनी चष्मा लावून सावकाश सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "कापून किती राहतंय?"