वाटीतलं पाणी ओतू नका

पोट साफ होत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला: रात्री मनुका, अंजीर, प्रून, जे असेल ते भिजत घाला. सल्ला चुकीचा नाही, पण तिघांना एकाच माळेत ओवलं की फसगत होते. पोट साफ करणारं म्हणून ज्या सॉर्बिटॉलचं एवढं नाव होतं, ते भरपूर असतं फक्त प्रूनमध्ये, म्हणजे सुकवलेल्या आलुबुखारात. १०० ग्रॅममागे साधारण १५ ग्रॅम. मनुका-अंजिरांत ते नावापुरतंच. अंजिराची भिस्त तंतूंवर, मनुकांची तंतू आणि टार्टारिक आम्लावर.

सॉर्बिटॉल साखरेच्या नात्यातलं, पण लहान आतड्याला ते पुरतं शोषता येत नाही. जे शोषलं जात नाही ते आपल्याबरोबर पाणी धरून पुढे सरकतं आणि मोठ्या आतड्यात मल मऊ ठेवतं. तिथले जीवाणू ते आंबवतात, त्यातून वायू होतो. गुण आणि गुरगुर एकाच कारणातून येतात, त्यामुळे एक हवं नि दुसरं अजिबात नको, हे जमत नाही.

मध्यम आकाराचे पाच प्रून घ्या. वजन ४०-४५ ग्रॅम, म्हणजे सॉर्बिटॉल सहा ग्रॅमच्या आसपास. आधी धुऊन घ्या, कारण पाणीही प्यायचं आहे. मग बुडतील इतक्या, अर्धा कप कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी प्रून फुगलेले दिसतात आणि पाणी तपकिरी, गोडसर होतं. तो गोडवा म्हणजे फळातून उतरलेली साखर, आणि तिच्याबरोबर थोडं सॉर्बिटॉलही. ते पाणी मोरीत ओतणारे बरेच भेटतात, आणि मग "प्रूनने काही होत नाही" म्हणतात! भिजवल्याने सॉर्बिटॉल वाढत नाही, फळ मऊ होतं एवढंच. उकाड्यात वाटी फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यावर बुडबुडे आले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

पहिल्याच दिवशी दहा-बारा खाणाऱ्यांचं पोट फुगतं, मुरडा येतो. तीनपासून सुरुवात करावी, दोन-तीन दिवस अंदाज घ्यावा, मगच पाचवर जावं. खाल्ल्याबरोबर धाव घ्यावी लागेल अशी अपेक्षा नको, काही तास किंवा एखादा दिवस लागतो. दिवसभर पाणी कमी प्यालात तर तंतू उलट अडकून बसल्यासारखे वाटतात.

अंजीरच हाताशी असेल तर दोन-तीन भिजवा, पण हिशेब दिवसांचा धरा, उद्या सकाळचा नव्हे. चिडक्या आतड्याचा त्रास असणाऱ्यांना मात्र प्रून सहसा सोसत नाहीत, आणि मूठभर मनुकाही त्रास देऊ शकतात; खायच्याच तर अगदी थोड्या, बेताने. मधुमेह असेल तर या सगळ्यांतली साखर मोजावी लागते. मूत्रपिंडाच्या आजारात यातलं पोटॅशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोटात जोराची कळ, उलट्या आणि वायूही सरत नसेल, तर वाटी बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.